श्रावणातले तीस दिवस : दारू थांबल्यावर शरीरात काय बदलते

महाराष्ट्रात दारू पिणाऱ्यांपैकी अनेक जण वर्षातून एक महिना बाटलीला हात लावत नाहीत. आषाढ अमावास्या, म्हणजे लोकांच्या तोंडची गटारी, उरकली की दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि थेट पिठोरी अमावास्येपर्यंत मांसाहार आणि मद्य दोन्ही बंद असते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘ड्राय जानेवारी’ नावाची मोहीम चालते. तिच्यामागे धर्म नाही, आरोग्याचा विचार आहे. शरीराला मात्र कारणाशी देणेघेणे नसते. रोजचे किंवा दिवसाआडचे मद्य अचानक थांबले, एवढेच त्याला कळते. मग मेंदू, रक्तवाहिन्या आणि यकृत आपापल्या वेगाने पूर्वस्थितीकडे निघतात. हे वेग सारखे नसल्यामुळेच महिन्याचा हिशोब आठवड्या-आठवड्याने मांडावा लागतो.

आधी प्रमाणाचा अंदाज घ्यायला हवा. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. या हिशोबाने १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरते. ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये २० ग्रॅम, तर पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम. पुढे जे बदल सांगितले आहेत ते प्रामुख्याने आठवड्याला तीन-चार क्वार्टर किंवा त्याच्या आसपास पिणाऱ्या, पण दारूच्या पूर्ण आहारी न गेलेल्या माणसाचे आहेत. लग्नकार्यात वर्षातून दोनदा एखादा पेग घेणाऱ्याला महिनाभरात फारसा फरक जाणवणार नाही, कारण बदलण्यासारखे त्याच्या शरीरात फार काही साठलेलेच नसते.

पहिले तीन दिवस

मद्य मेंदूवर दोन बाजूंनी काम करते. मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ते वाढवते आणि पेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबते. हे वारंवार होऊ लागले की मेंदू तोल साधण्यासाठी स्वतःची शांत होण्याची यंत्रणा ढिली करतो आणि उत्तेजनाची यंत्रणा वाढवून ठेवतो. ब्रेकवर सतत दुसऱ्याचा पाय असला की चालक ॲक्सिलरेटर जास्त दाबून ठेवतो, तसे हे आहे. दारू थांबली की ब्रेकवरचा पाय निघतो, पण ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत छातीत धडधड, घाम, चिडचिड, अस्वस्थता आणि झोप न लागणे हा त्रास होतो. रक्तदाबही या दिवसांत थोडा वरच असू शकतो. आदल्या रात्री गटारीच्या निमित्ताने नेहमीच्या दुप्पट प्यायलेल्याला हा त्रास अधिक जाणवतो.

बहुतेकांच्या बाबतीत हे दोन-चार दिवसांत ओसरते. पण रोज आणि भरपूर पिणाऱ्या, सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या-उठल्या घोट घ्यावा लागणाऱ्या माणसासाठी हेच दिवस धोक्याचे असतात. अशा माणसात शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणसाला भास होऊ लागणे, दिवस-रात्र न कळणे, ताप, भयंकर घाम आणि बडबड अशी अवस्था येऊ शकते. तिला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तीत जीव जाऊ शकतो. ‘देवाचं नाव घेऊन सोडली, मग काही होत नाही’ हा समज इथे घातक आहे. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, भास झाले असतील किंवा सकाळची दारू चुकत नसेल, तर श्रावण लागण्याआधीच डॉक्टरांकडे जावे. ते काही दिवस लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध उतरत्या मात्रेत देतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता होऊन मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते.

पहिला आठवडा : झोप आधी बिघडते, मग सुधारते

‘थोडी घेतल्याशिवाय झोप लागत नाही’ हे वाक्य अर्धे खरे आहे. मद्याने झोप लवकर लागते आणि रात्रीचा पहिला भाग गाढ जातो. बिघडतो तो दुसरा भाग.

एका रात्रीचा हिशोब करून पाहता येतो. समजा, एकाने साडेआठला सुरुवात करून साडेदहापर्यंत एक क्वार्टर संपवली, जेवण केले आणि साडेअकराला तो झोपला. शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते, म्हणजे ६० ग्रॅमला आठ तास लागतात. पहाटे चार-साडेचारपर्यंत रक्तात काही ना काही मद्य असतेच. रात्रीच्या पहिल्या प्रहरात ते स्वप्नांची झोप दाबून ठेवते. मेंदू या झोपेत दिवसभराच्या आठवणी आणि भावना मार्गी लावतो. मग रक्तातले प्रमाण उतरू लागते, तशी दाबून ठेवलेली उत्तेजना वर येते. तीनच्या सुमारास जाग येते, तोंड कोरडे पडलेले असते, लघवीला जावे लागते, कारण लघवी रोखून धरणारे संप्रेरक मद्यामुळे कमी झालेले असते. नाडी नेहमीपेक्षा वेगात असते. त्यातच घशाचे स्नायू सैल पडल्यामुळे घोरणे वाढते आणि ज्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे त्याचा श्वास अधिक वेळा अडकतो. सकाळी सात तास झोपूनही अंग जड राहते. त्या माणसाला आपल्याला कामाचा ताण आहे असे वाटते. पिण्याच्या रात्री मोजून पाहिल्या तर त्याच्या लक्षात येईल की पहाटे तीनची जाग त्याच रात्रींना येते.

दारू थांबवल्यावर पहिल्या तीन-चार रात्री झोप आणखी बिघडते, आणि पुष्कळांचा महिना इथेच मोडतो. झोप लागायला तास-दीड तास लागतो. लागली की स्वप्ने फार, ठळक आणि कधी भयावह पडतात, कारण इतके दिवस दाबलेली स्वप्नझोप आता उसळून वर येते. स्वप्नात दारू प्यायल्याचे दिसणे आणि दचकून उठणे हेही अनेकांना होते. ही सुधारणेचीच पायरी आहे हे माहीत नसले की माणूस ‘मला दारूशिवाय झोपच येत नाही’ असा निष्कर्ष काढून पाचव्या दिवशी ग्लास भरतो.

आठवड्याच्या अखेरीस बहुतेकांची पहाटेची जाग कमी होते. शरीराच्या पाण्याचे प्रमाण ताळ्यावर येते, सकाळची डोकेदुखी जाते आणि पोटाची जळजळ शमते. घोरणे कमी झाल्याचे सहसा आधी जोडीदाराच्या लक्षात येते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यांची झोप पूर्ववत व्हायला महिना पुरत नाही. तिची घडी बसायला कित्येक महिने लागू शकतात.

दुसरा आठवडा : रक्तदाब

मद्य आणि रक्तदाब यांचे नाते नवे नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, कामिय लियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी भरपूर वाइन पिणाऱ्या सैनिकांमध्ये वाढलेला रक्तदाब अधिक आढळल्याची नोंद केली होती. पुढची सहा-सात दशके तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८४ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी नियमित पिणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना रुग्णालयात ठेवून काही दिवस मद्य दिले आणि काही दिवस बंद केले. बंद केल्यावर तीन-चार दिवसांत रक्तदाब उतरला आणि पुन्हा सुरू केल्यावर तितक्याच सहज चढला.

ही उतरण होते कशी? मद्यामुळे शरीराची सावधतेची मज्जासंस्था सतत चेतलेली राहते, कॉर्टिसॉल वाढते, रक्तवाहिन्या आकसण्याकडे झुकतात आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरके जोर धरतात. यातले काहीही रक्तवाहिनीच्या भिंतीत कायमचे कोरलेले नसते. कारण दूर झाले की दोन आठवड्यांच्या आत बराचसा परिणाम दिसतो. शिवाय पिणे थांबले की चकणाही थांबतो. फरसाण, खारे शेंगदाणे, पापड आणि लोणचे या वाटेने रोज संध्याकाळी पोटात जाणारे मीठ कमी होते आणि त्याचाही हातभार लागतो.

उतरण किती होते हे आधी किती पीत होता यावर ठरते. २०१७ मध्ये ‘लान्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला सहाहून अधिक पेले पिणाऱ्यांनी प्रमाण निम्म्यावर आणले तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी साडेपाच अंकांनी आणि खालचा सुमारे चार अंकांनी उतरला. दिवसाला दोन किंवा कमी पेले पिणाऱ्यांमध्ये कमी केल्याने लक्षणीय फरक दिसला नाही. साडेपाच अंक म्हणजे बऱ्याचदा रक्तदाबाच्या एका गोळीच्या परिणामाच्या जवळपासचा आकडा आहे. दोन-दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी पिण्याबद्दल विचारलेच पाहिजे, आणि रुग्णानेही खरे सांगितले पाहिजे. ‘कधीतरी घेतो’ या उत्तरामुळे गोळ्या वाढत राहतात.

मोजमाप नीट केले नाही तर यातले काहीच हाती लागत नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड छातीच्या पातळीवर आधाराला असावा, पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा. चहा आणि तंबाखूच्या आधी, सकाळी, एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहून ठेवावी. एकाच दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, लागोपाठ तीन-चार सकाळींची सरासरी धरावी.

इथे औषधे घेणाऱ्यांसाठी एक खबरदारी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना दारू थांबली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरून उठताना चक्कर येऊ शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखरही खाली येऊ शकते, विशेषतः त्यांनी त्याच महिन्यात उपवास धरले असतील तर. मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचे असते. बरे वाटू लागले म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे चुकीचे आहे.

तिसरा आठवडा : मन

मनाचा बदल सर्वांत कमी सरळ रेषेत होतो. पहिला आठवडा अस्वस्थतेचा जातो, दुसऱ्यात झोप सुधारल्याने जरा हलके वाटते. मग अनेकांना एक रिकामेपण जाणवते. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ, ठरलेली मित्रमंडळी आणि ठरलेली जागा यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय मद्याने वारंवार चेतवलेली मेंदूतली सुखाची यंत्रणा काही काळ साध्या गोष्टींना फारशी दाद देत नाही. गोड खाण्याची ओढ याच सुमारास वाढते.

तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांची चिडचिड आणि सकाळची बेचैनी लक्षात येण्याइतकी कमी होते. याचे कारण मेंदूतला गाबा आणि ग्लुटामेट यांचा तोल तोवर बराचसा सावरलेला असतो. दारू ताण घालवते असा अनुभव रोज संध्याकाळी येत असतो, पण रोज पिणाऱ्याच्या त्या ताणातला मोठा भाग आदल्या रात्रीच्या दारूनेच दिलेला असतो. तिसऱ्या आठवड्यातल्या निवांत सकाळी हे प्रथमच अनुभवाला येते.

नैराश्याच्या बाबतीत एक जुना अभ्यास आजही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील सँड्रा ब्राऊन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ मध्ये दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची दर आठवड्याला तपासणी केली. दाखल होताना त्यांच्यातील ४२ टक्क्यांमध्ये उपचाराची गरज वाटावी इतके तीव्र नैराश्य होते. चार आठवडे दारूपासून दूर राहिल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. बहुतेकांना नैराश्याचे वेगळे औषध द्यावे लागणार नव्हते. त्यांचे नैराश्य दारूतून आलेले होते. पण उरलेले ६ टक्केही तितकेच महत्त्वाचे आहेत. महिनाभर दारू नसतानाही ज्याला सकाळी उठावेसे वाटत नाही, कशातच रस वाटत नाही, त्याचा आजार स्वतंत्र आहे आणि त्याच्यावर स्वतंत्र उपचार हवेत. आधीपासून दारू हेच औषध मानून तो मनाचा आजार झाकत आला असेल, तर महिन्याच्या मध्यावर तो आजार उघडा पडतो. आत्महत्येचे विचार येऊ लागले तर महिना संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या आठवड्यात दारूच्या जागी दुसरे काहीतरी बसवण्याचा मोह होतो. सिगारेट आणि तंबाखूचे प्रमाण वाढले तर निकोटिन झोप आणि रक्तदाब दोन्हींवर उलटा परिणाम करते. दारूऐवजी रोज लिटरभर कोल्ड्रिंक पिणाऱ्याच्या बाबतीत पुढचा सगळा हिशोबच चुकतो, कारण त्यातली साखर थेट यकृतात चरबी बनून बसते.

चौथा आठवडा : यकृतातली चरबी

यकृताला मद्य साठवता येत नाही, ते पुढे सरकवण्यावाचून पर्याय नसतो. त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसिटेट होते. पहिला पदार्थ विषारी आहे. या कामात यकृताच्या पेशी इतक्या अडकतात की चरबी जाळण्याचे त्यांचे नेहमीचे काम मागे पडते. उलट याच प्रक्रियेमुळे नवी चरबी तयार होण्याला चालना मिळते. न जळलेली आणि नव्याने तयार झालेली चरबी थेंबाथेंबाने पेशीतच साचते. हे किती झटपट होते ते न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल रुबिन आणि चार्ल्स लीबर यांनी १९६८ मध्ये दाखवले. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना १८ दिवस मद्य आणि सोबत भरपूर प्रथिनांचा, कमी चरबीचा आहार दिला. चांगला आहार असूनही यकृतात चरबी वाढली. ‘खाऊन-पिऊन घेतली की दारू बाधत नाही’ या समजुतीला आधार नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

जे झटपट साचते ते बरेचसे झटपट उतरतेही. मद्य थांबताच पेशी चरबी जाळू लागतात आणि केवळ दारूने झालेले साधे फॅटी लिव्हर चार ते सहा आठवड्यांत बऱ्यापैकी निवळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील राजीव जालान, गौतम मेहता आणि केव्हिन मूर या यकृततज्ज्ञांनी २०१३ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकाच्या १४ कर्मचाऱ्यांवर एक छोटा प्रयोग केला. दहा जणांनी पाच आठवडे मद्य बंद ठेवले, चौघे नेहमीसारखे पीत राहिले. बंद ठेवणाऱ्यांच्या यकृतातली चरबी सरासरी १५ टक्क्यांनी कमी झाली. चौघांमध्ये असा बदल दिसला नाही. इथे १५ टक्क्यांचा अर्थ नीट घ्यावा. यकृतात १० टक्के चरबी असेल तर ती साडेआठ टक्के होते, नाहीशी होत नाही. दहाच माणसांच्या प्रयोगावरून फार मोठे बोलताही येत नाही.

म्हणून याच गटाने पुढे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मोठा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये छापून आला. आठवड्याला सरासरी २५८ ग्रॅम अल्कोहोल पिणाऱ्या, म्हणजे आपल्या भाषेत आठवड्याला चार क्वार्टरच्या थोडे वर असणाऱ्या, ९४ जणांनी महिनाभर मद्य सोडले. ४७ जण पीत राहिले. सोडणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ६.६ टक्क्यांनी, खालचा ६.३ टक्क्यांनी आणि वजन १.५ टक्क्याने उतरले. इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचे मोजमाप २५.९ टक्क्यांनी सुधारले. पीत राहिलेल्यांमध्ये यातले काही झाले नाही. आहार, व्यायाम आणि धूम्रपान यांतले बदल हिशोबात धरूनही निष्कर्ष टिकले. मात्र कोणी सोडायचे आणि कोणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. सोडणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या दारू सोडण्याला देता येत नाही.

हेच आकडे एका काल्पनिक माणसाला लावून पाहू. वय ४६, वजन ७८ किलो, आठवड्याला चार क्वार्टर. श्रावणाआधी रक्तदाब १३८/८८, रक्तातले जीजीटी ९०. महिनाभरानंतर सरासरीप्रमाणे रक्तदाब १२९/८२ च्या आसपास आणि वजन ७७ च्या थोडे खाली येईल. वजनाचा हिशोबही जुळतो. अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात, म्हणजे एका क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास. चार आठवड्यांच्या सोळा क्वार्टरच्या सुमारे ६,८०० कॅलरी होतात आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० असतात. चकणा वेगळाच. हा माणूस उपवासाच्या दिवशी तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि मिठाई यांवर भागवत असेल तर त्या कॅलरी दुसऱ्या दाराने परत येतात, आणि यकृतातली चरबी अपेक्षेइतकी उतरत नाही.

जीजीटी हे यकृतातले एन्झाइम मद्यामुळे वाढते आणि पिणे थांबल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण निम्मे होत जाते. म्हणजे ९० चे महिनाअखेरीस ४० च्या आसपास दिसावे. महिनाभर काटेकोर बंद ठेवूनही ते हलले नाही तर लठ्ठपणा, मधुमेह, एखादे औषध किंवा पित्तमार्गाचा त्रास यांचा शोध घ्यावा लागतो. एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडेही काही आठवड्यांत उतरतात. लाल पेशींचा वाढलेला आकार मात्र महिन्यात बदलत नाही, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या मोठ्या पेशी जाऊन नव्या यायला तितका वेळ लागतो.

सोनोग्राफीबद्दल लोकांची हमखास निराशा होते. आधीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असते आणि महिन्यानंतरही तेच येते. साध्या सोनोग्राफीला यकृतातली चरबी साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच नीट दिसते आणि ग्रेड हा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. त्यामुळे खरी सुधारणा होऊनही ग्रेड तीच राहू शकते. फायब्रोस्कॅन या तपासणीत चरबीचा एक आकडा आणि यकृताच्या कडकपणाचा दुसरा आकडा मिळतो, म्हणून तुलना सोपी जाते. महिन्याने काय होत नाही हेही याच तपासणीत कळते. चरबी उतरते, सूज कमी होते, पण यकृतात व्रणासारखे तंतू तयार झाले असतील तर ते तीस दिवसांत जात नाहीत. सिऱ्होसिस झालेल्या माणसाला महिनाभराचा संयम पुरत नाही, त्याला कायमचेच थांबावे लागते. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर घरी महिना पाळत बसण्याऐवजी रुग्णालय गाठायचे असते.

महिन्यानंतर

श्रावण संपला की अनेक घरांत गणपती विसर्जनापर्यंत बंदी लांबते. नंतर पूर्वीइतकेच पिणे सुरू झाले तर रक्तदाब काही दिवसांत जुन्या जागी परततो आणि यकृतातली चरबीही काही आठवड्यांत. महिनाभराच्या विश्रांतीने यकृताला वर्षभराची सवलत मिळत नाही. एक बदल मात्र लगेच जाणवतो. मेंदूची मद्य सोसण्याची सवय कमी झालेली असल्याने पूर्वी सहज पचणारी क्वार्टर आता जास्त चढते. त्या रात्री गाडी चालवणे नेहमीपेक्षाही धोक्याचे ठरते.

ससेक्स विद्यापीठातील रिचर्ड डी व्हिसर यांनी २०१८ च्या ड्राय जानेवारीत भाग घेतलेल्यांना ऑगस्टमध्ये पुन्हा गाठले. आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आले होते. उत्तरे देणारेच मोजले गेले, तरी सात महिन्यांनंतर टिकलेला हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. महिन्याचा खरा उपयोग इथेच दिसतो. झोप, रक्तदाब आणि मन यांच्या तक्रारींपैकी कोणत्या दारूच्या आणि कोणत्या दुसऱ्या कशाच्या, हे तीस दिवसांत स्वतःच्या शरीरावर तपासता येते. त्यासाठी महिना लागण्याआधी रक्तदाब, वजन आणि जीजीटी लिहून ठेवावे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तेच पुन्हा मोजावे.

ठरवूनही महिना पाळता न येणे हादेखील या तपासणीचा एक निष्कर्ष आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हात थरथरू लागले, लपून प्यावे लागले किंवा दरवर्षी श्रावण आठवड्याभरातच मोडत असेल, तर ती इच्छाशक्तीची उणीव समजू नये. दारूवर अवलंबून राहण्याचा तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे दोन्ही राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहेत. स्वतःला किंवा घरातल्या माणसाला हे लागू पडत असेल तर पुढच्या श्रावणापर्यंत थांबू नये, आजच फोन करावा.